दुबईचा पगार, अजिंठ्याचं खातं

समजा, अजिंठ्याचा एक कामगार दुबईहून घरी 1,000 दिरहम पाठवतो. दिरहमला 23 रुपये भाव आणि वीस दिरहम शुल्क धरलं, तर शुल्काचेच 460 रुपये होतात. भावात दहा पैशांनी कमी मिळालं, की आणखी शंभर जातात. ही दुसरी कपात पावतीवर वेगळी दिसत नाही, म्हणून शुल्काऐवजी हातात पडणारे रुपये तोलावेत.

डॉलरशी बांधलेलं स्टेबलकॉइन काही मिनिटांत पोहोचतं, खर्चही किरकोळ, असं सांगतात. ते खरंच आहे. पण पोहोचतं ते नाणं, आणि किराणा दुकानात चालतात रुपये. दिरहमचं नाणं करताना आणि नाण्याचे रुपये करताना, दोन्हीकडे भावात घट येते. शिवाय 2022 पासून भारतात अशा विक्रीवर साधारण एक टक्का टीडीएस कापला जातो. 23,000 रुपयांवर 230 झाले. ते परत हवेत तर विवरणपत्र भरा. नफा झाला, तर त्यावर तीस टक्के कर वेगळाच.

खरी भीती मात्र अनोळखी खरेदीदाराची. त्याने दिलेले रुपये फसवणुकीतले निघाले, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून घरच्यांचं खातं गोठू शकतं. आणि ‘स्थिर’ म्हणवणारं यूएसडीसी मार्च 2023 मध्ये डॉलरखाली, 90 सेंटच्याही आत घसरलं होतं. नंतर सावरलं, पण मुलांची फी त्याच आठवड्यात भरायची असेल तर? बँक खातं असलेल्याने परवानाधारक एक्सचेंज हाउसच गाठावं, आणि दोन-तीन ठिकाणचा भाव विचारूनच पैसे पाठवावेत.