भाकरीचा पापुद्रा आणि बाळाची वाटी

बेळगाव-निपाणीकडच्या घरात रात्री जोंधळ्याची भाकरी आणि आमटी असतेच. वर्षाच्या बाळाचं जेवण त्यातच आहे, वेगळं शिजवायला नको.

डाळ हळद घालून मऊ शिजली की मीठ-तिखट पडायच्या आधी बाळाची वाटीभर बाजूला काढा. मग घरच्यांच्या आमटीत संकेश्वरी मिरचीची चटणी खुशाल घाला. आमटी झाल्यावर पाणी घालून ती सौम्य करू नका. तिखट थोडं उतरतं, पण डाळही पातळ होते आणि पोट भरत नाही. बाळाच्या वाटीत तूप-जिऱ्याची फोडणी, हवं तर अगदी किंचित मीठ. जिरं, धणे चालतात. तिखट मात्र पुढे हळूहळू.

आता मिक्सर बाजूला ठेवा. भाकरीचा वरचा पापुद्रा आणि कडक कड काढून आतला मऊ भाग गरम डाळीत दहा मिनिटं भिजवा, बोटांनी कुस्करा. चार-पाच दिवसांनी कुस्करणं कमी करा, वाटाण्याएवढे मऊ गोळे राहू द्या. ते जमले की भिजलेला तुकडा बाळाच्याच हातात द्या.

नव्या घासाला बाळ ओकारी काढतं, खोकतं. आवाज येतोय तोवर ते स्वतः घास सावरतंय. तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर घास अडकलाय. ताबडतोब मदत लागते. म्हणून अख्खे शेंगदाणे नकोत. बारीक कूट डाळीत कालवा. आणि बाळाला बसवूनच भरवा.