शब्द चालू असताना हात आवरावा

(व्यासपौर्णिमेला पंढरपुरात, दिंडीच्या राहुटीत मृदंगाच्या गुरुजींपुढे केलेले मनोगत)



गोपाळपूरचा काला झाला, आता परतीची वाट. त्याआधी अण्णांपुढं दोन शब्द बोलतो. चूकभूल पदरात घ्यावी.

अण्णा, मी तुमच्याकडं आलो तेव्हा वाटलं, पहिल्याच दिवशी हात मृदंगावर पडेल. तुम्ही हातात दिलीत कणकेची परात! डाव्या पुडीला, म्हणजे धुमेला लावायची कणीक मळण्यातच पहिला पावसाळा गेला. कणीक सैल झाली तर थापेगणिक सरकते, आवाज बसतो. उन्हात वाळली तर घुमारा जातो, मग पाण्याचं बोट फिरवायचं. पावसात उजव्या पुडीचं कातडं ओल धरतं, सूर उतरतो. तेव्हा दिसेल त्या गठ्ठ्यावर हातोडी मारायची नाही. पुडीच्या कडेनं बोटानं वाजवत जायचं, जिथं सूर उतरलाय तिथलाच गठ्ठा ठोकायचा. सगळीकडून एक सूर आला, की मग पेटीशी मिळवायचं. हात शिकायच्या आधी तुम्ही असा कान शिकवलात.

पण खरा धडा मिळाला दिवेघाटात. त्या वर्षी मृदंग पहिल्यांदा माझ्या गळ्यात होता. चढ लागला, अंगात वारं शिरलं. अभंगाचं चरण चालू असतानाच मी लग्गी लावली आणि लय वाढवत नेली. टाळकरी तरणे, तेही माझ्यामागं धावले. मला वाटलं, काय रंग भरलाय! तुम्ही खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "मागं बघ."

मागं तुळस घेतलेल्या माउल्या पन्नास पावलं तुटल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांचा दम लागून धृपद तुटत होतं. विणेकरीबुवांचे ओठ हलत होते, पण शब्द मलाच ऐकू येत नव्हता. तुम्ही मला थांबवलंत. एक चरण नुसत्या टाळावर म्हणवून घेतलंत. लय आपोआप पावलांवर आली, माउल्या येऊन मिळाल्या. मग म्हणालात, "आता धर. साधा ठेका."

तेव्हापासून चरण चालू असलं की मी ठेक्याच्या बाहेर जात नाही. टाळकरी धृपद उचलतात, तेव्हा काय ती लग्गी, आणि चरण सुरू व्हायच्या आत पुन्हा ठेक्यावर. शेवटच्या ओळीतल्या म्हातारीचा शब्द ऐकू आला, तर लय बरोबर. नाही आला, तर माझं चुकलं. इतक्या वर्षांत बोल पुष्कळ दिलेत, पण घरीदारीही उपयोगी पडलं ते हेच. समोरचा बोलत असताना हात आवरता येतो.

अण्णा, आता तुमचा उजवा हात थरथरतो. यंदा घाटात तुम्ही मागच्या ओळीत चालत होता. मी वाजवताना तुमचा आवाज धरून चाललो होतो. तो एकदाही तुटला नाही, एवढीच माझी गुरुदक्षिणा.

यंदा दोन पोरं शिकायला आलीत. त्यांच्या हातात मी परात दिली आहे.

रामकृष्ण हरी!