पिवळा बोर्ड फरशी सुकवत नाही

आजचा भाग जरा वेगळा आहे. मी पुण्यात, हिंजवडीच्या एका ऑफिस इमारतीत हाऊसकीपिंग सुपरवायझर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. दर सोमवारी सकाळी पावणेसातला, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, स्टोअर रूमसमोर आमचा दहा मिनिटांचा टूलबॉक्स टॉक असतो. कारखान्यात किंवा साइटवर काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. हत्यारांच्या पेटीभोवती उभं राहून, आजच्या कामात कुणाला काय लागू शकतं, एवढंच बोलायचं. या सोमवारचा टॉक जसा बोलले तसा इथे देते आहे.

चला, जवळ या सगळे. मावशी, तुम्ही पुढे या, मागून ऐकू येणार नाही. दादा, फोन खिशात.

आधी एक काम करा. भिंतीला हात लावून एक पाय उचला आणि बुटाचा तळ बघा. खाचा दिसतायत का? टाचेकडचा भाग गुळगुळीत झाला असेल तर वरून बूट कितीही नवा दिसू दे, ओल्या फरशीवर तो कामाचा नाही. कुणाकुणाचा झालाय? तिघांचा. टॉक संपला की माझ्याकडे साइज लिहून द्या. आणि चपला घालून आलेल्यांनी लॉबीत आज पाऊल टाकायचं नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या पावसाळ्यात लिफ्ट लॉबीत आपल्याच एक मावशी पडल्या. नाव घेत नाही, त्या आज इथेच उभ्या आहेत आणि त्यांना विचारूनच सांगते आहे. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा रजिस्टरमध्ये कारण मी लिहिलं होतं: 'चालताना दुर्लक्ष'. दोन शब्द. ते चूक होतं. ते कसं चूक होतं, ते आज सांगायचं आहे.

सकाळी साडेआठला लॉबीत मॉप फिरला. बाहेर पाऊस, लोकांच्या बुटांना चिखल, म्हणून मॉपिंग करणाऱ्या पोराने बादलीत केमिकल जास्त ओतलं. कॅनवर लिहिलंय एका लिटरला 20 मिली. आपली बादली 10 लिटरची, म्हणजे 200 मिली. त्याने अंदाजाने ओतलं, ते जवळजवळ अर्धा लिटर गेलं. त्याला वाटलं जास्त केमिकल म्हणजे जास्त स्वच्छ. होतं उलटं. जास्तीचं केमिकल मळ काढत नाही, फरशीवरच राहतं. पाणी उडून जातं आणि साबणाचा पातळ थर मागे उरतो. कोरडा असतो तोवर कळतही नाही. मग कुणाची तरी छत्री गळते, दोन थेंब पडतात आणि तो थर परत बुळबुळीत होतो. तुम्ही तर मघाशीच पुसून गेलेले असता.

हे ओळखायचं कसं? फरशी सुकल्यावर तिच्यावर पांढुरके ओघळ किंवा बुटांचे ठसे उठून दिसत असतील, किंवा ओलं बोट घासल्यावर चिकट-बुळबुळीत लागत असेल, तर थर बसलाय. अशा वेळी आणखी केमिकल नको. साध्या पाण्याने दोनदा मॉप, आणि दर वेळी पाणी बदलून. मोजायला कॅनजवळ मापाचा कप बांधून ठेवलाय, तो सोडून नेऊ नका. मागच्या महिन्यात तो पॅन्ट्रीत चहाच्या साखरेत सापडला होता.

आता मावशींचं. त्या सर्व्हिस लिफ्टकडून आल्या, दोन्ही हातांत कचऱ्याच्या पिशव्या. पिशव्यांमुळे स्वतःचे पाय दिसत नव्हते. बोर्ड होता, पण एकच, लॉबीच्या मधोमध आणि मेन गेटकडे तोंड करून. त्यांच्या बाजूने बोर्डाची नुसती कड दिसत होती. त्यांच्यासाठी ती फरशी कोरडीच होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फरशी ओली आहे हे माहीत असलं की आपण आपोआप पाऊल छोटं टाकतो, तळवा सपाट ठेवतो. माहीत नसलं की नेहमीसारखी टाच आधी टेकवतो आणि अंगाचा भार पुढे ढकलतो. टाचेखाली पाण्याचा थर असेल तर बूट फरशीला धरतच नाही, पाय पुढे निसटतो आणि माणूस मागे पडतो. पडताना हात मागे टेकतो, म्हणून मनगट जातं. म्हणजे सगळ्यात धोक्याची जागा लॉबीचा मधला भाग नाही. जिथे कोरडं संपतं आणि ओलं सुरू होतं, ती रेघ. बोर्ड त्या रेघेच्या अलीकडे हवा, आणि जितक्या बाजूंनी माणूस येऊ शकतो तितके बोर्ड हवेत. आपल्या लॉबीला तीन वाटा आहेत: मेन गेट, जिना, सर्व्हिस लिफ्ट. म्हणजे तीन बोर्ड, आणि मॉप भिजवायच्या आधी.

पण बोर्ड फरशी सुकवत नाही. आधी अर्धी लॉबी लांबीने पुसायची, अर्धी चालायला कोरडी ठेवायची. मॉप पिळणीत घट्ट पिळायचा. उचलल्यावर थेंब गळाला तर परत पिळा. मागोमाग दुसऱ्या माणसाने कोरडा मॉप फिरवायचा. मग टिश्यू पेपर फरशीवर दाबून बघायचा. ओला झाला नाही, तर बोर्ड उचलायचा आणि दुसरी बाजू घ्यायची. आणि उचलायचाच. दिवसभर कोरड्या फरशीवर बोर्ड उभा राहिला की लोक त्याच्याकडे बघणं सोडतात. मग ज्या दिवशी खरंच ओलं असतं, त्या दिवशीही कुणी बघत नाही.

कचऱ्याच्या पिशव्या दोन हातांत नाही न्यायच्या. ट्रॉली घ्या. ट्रॉलीचं चाक अडकतं ही तुमची तक्रार बरोबर आहे, ती मी लिहून दिली आहे.

अडखळण्याचं थोडक्यात. मशीनची वायर दारातून आडवी जाऊ द्यायची नाही, भिंतीच्या कडेने घ्यायची. गेटवरच्या पायपुसण्याची कड वर उचलली गेली असेल तर ते उलटं घालून चालवू नका, सरळ काढून टाका. भिजून गच्च झालेलं पायपुसणं बदला, ते पाणी टिपत नाही, उलट पसरवतं.

आता शेवटचं, पडल्यावरचं. त्या दिवशी मावशी उठल्या, पिशव्या उचलल्या आणि कुणाला न सांगता काम पुरं केलं. घरी जाऊन हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी हात सुजला, मग एक्स-रे. मला कळलं एक दिवस उशिरा, आणि घाईत मी ते दोन शब्द लिहिले. त्यामुळे ईएसआयसीच्या कागदांत प्रश्न निघाले, हे कामावरच झालं कशावरून? नोंद नीट असेल तर कामावरच्या इजेच्या रजेत पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात. नुसतं आजारपण धरलं गेलं तर 70. घरभाडं असणाऱ्याला हा फरक कळतो. पुढे मी बोर्ड, केमिकल, पिशव्या सगळं लिहून पुरवणी जोडली, तेव्हा ते मार्गी लागलं. मावशी मला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून पडलात तर लगेच उठायचं नाही. आवाज द्या. जवळ असेल त्याने ओढून उठवायचं नाही, मनगट चोळायचं नाही, हात आहे तसा आधाराला धरून ठेवायचा. आणि मला त्याच तासात सांगायचं. फरशी पुसून टाकायच्या आधी मी फोटो काढणार. नुसता पाय घसरला, पडला नाहीत, तरी सांगा.

ग्राउंड फ्लोअरला आज कोण? तुम्ही दोघं. स्टोअरमध्ये बोर्ड तीन आहेत, त्यातल्या एकाचा पाय तुटलाय. तिसऱ्या मजल्यावरचा मागवून घ्या, तो आल्याशिवाय मॉप भिजवू नका. सात वाजत आले, पंच करून घ्या.