जिल्हा एक, दिव्यांगांचे आकडे अनेक



चंद्रपूर-गडचिरोलीत दिव्यांगांच्या प्रश्नावर निवेदन घेऊन गेलं की पहिला प्रश्न येतो, "जिल्ह्यात दिव्यांग आहेत किती?" जनगणनेचा आकडा एक असतो, युडीआयडी कार्डांचा दुसरा, आणि आरोग्य विभागाची सिकलसेलची यादी तिसरंच काही सांगते. मग कोणीतरी म्हणतं, "आकडे खोटे आहेत." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन याद्या जुळल्या नाहीत की आम्ही आधी एवढंच पाहतो: रकान्याचं नाव सारखं आहे, पण तो भरायचा नियम सारखा आहे का?

देशाचेच आकडे घ्या. 2001 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेले सुमारे 1 कोटी 6 लाख होते, 2011 मध्ये ते साधारण 50 लाख झाले. त्याच काळात श्रवणदोष असलेले सुमारे साडेबारा लाखांवरून 50 लाखांवर गेले. दहा वर्षांत देशाची नजर सुधारली आणि कान बिघडले, असं झालेलं नाही. 2001 मध्ये एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यालाही दिव्यांग धरलं होतं, 2011 मध्ये धरलं नाही. उलट श्रवणयंत्र लावून ऐकणारा 2001 मध्ये दिव्यांग नव्हता, 2011 मध्ये झाला. शिवाय 2001 मध्ये पाच प्रकार होते, 2011 मध्ये आठ. महाराष्ट्राचा एकूण आकडा 15.69 लाखांवरून 29.63 लाखांवर गेला, तो वाचतानाही ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आता आपल्या भागाकडे येऊ. समजा, धानोरा तालुक्यात एका मुलीला सिकलसेलचा आजार आहे. सांधे दुखतात, वारंवार दवाखान्यात भरती व्हावं लागतं, शाळा बुडते. 2011 च्या जनगणनेत सिकलसेलचा वेगळा प्रकार नव्हता. प्रगणकाने आधी विचारायचं होतं, घरात कोणी शारीरिक वा मानसिक दिव्यांग आहे का? मुलगी चालते-फिरते, म्हणून वडील "नाही" म्हणाले, की पुढचा प्रश्नच येत नाही. "हो" म्हणाले असते तर ती फार तर "इतर" या प्रकारात गेली असती. मग 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेलचा आजार आहे. मुलीच्या तब्येतीत काही फरक नाही, पण कायद्याच्या यादीत ती आली. मात्र सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याला आजार नाही पण जो तो मुलांकडे देऊ शकतो, तो या यादीत नाही. म्हणून वाहक आणि रुग्ण एकत्र मोजलेली आरोग्य विभागाची यादी थेट दिव्यांगांच्या आकड्यात मिळवली, तर बेरीज फुगते.

दुसरं उदाहरण कुष्ठरोगाचं. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे हा विषय आपल्याला नवा नाही. समजा, एका माणसाचा आजार बरा झाला, बोटं शाबूत आहेत, पण हाताला संवेदना नाही. चुलीवरचं भांडं भाजलं तरी त्याला कळत नाही. 2011 च्या सूचनांप्रमाणे संवेदना नसणं हे हालचालीच्या दोषात येतं. पण प्रगणक हाताला टोचून पाहत नाही. घरच्यांनी सांगितलं तरच ती नोंद होते, आणि कुष्ठरोगाचं नाव काढायला घरचे कचरतात. व्याख्या रुंद असूनही माणूस सुटतो तो असा.

तिसरा आकडा प्रमाणपत्रांचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2018 च्या 76 व्या फेरीत आढळलं की देशातल्या दिव्यांगांपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. म्हणजे कार्डांच्या नोंदीवरून संख्या काढली, तर दवाखान्यात तपासणीसाठी पोहोचू शकले तेवढेच मोजले जातात. एटापल्ली किंवा भामरागडच्या माणसाला गडचिरोलीपर्यंतचा प्रवास आणि बुडालेली मजुरी परवडली का, हेही त्या आकड्यात मिसळलेलं असतं. त्यातही बहुतेक सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. त्यामुळे लाभार्थ्यांची यादी आणखी लहान होते.

काही जण म्हणतात, मग 76 व्या फेरीचाच आकडा घ्या, त्यात नवा कायदा आणि सिकलसेल दोन्ही आहेत. पण ते नमुना सर्वेक्षण आहे. त्याचे अंदाज देश आणि राज्य पातळीवर चालतात. राज्याची टक्केवारी गडचिरोलीच्या 10,72,942 या 2011 च्या लोकसंख्येने गुणली, तर मिळणारा आकडा राज्याच्या सरासरीचा असेल. जिथे सिकलसेल आणि कुष्ठरोग जास्त आहे, तिथे ही सरासरी कमीच सांगण्याची शक्यता आहे.

म्हणून निवेदनात आकडा लिहिताना सोबत तीन गोष्टी लिहा: तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या व्याख्येचा, आणि माहिती कोणी दिली: घरच्यांनी, की डॉक्टरांनी तपासून. व्याख्या वेगळी असेल तर दोन आकड्यांची वजाबाकी करून "वाढ" किंवा "घट" म्हणू नका. आणि प्रगणक दारात येईल तेव्हा शेजाऱ्यांना सांगून ठेवा, "दिव्यांग आहे का" एवढ्यावर थांबू नका. मुलीला सिकलसेल आहे, आजोबा यंत्राशिवाय ऐकू शकत नाहीत, काकांच्या हाताला कळत नाही, हे नाव घेऊन सांगा. कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्याला ठरवू द्या.