हुंडा की वाटा ?



हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच, असे आमच्या मुक्ताईनगराकडे पुष्कळ वडीलधारे म्हणतात. हे म्हणणे आपण तपासून पाहू.

समजा, पित्याने वडिलार्जित सहा एकरांपैकी दोन एकर विकून हुंडा दिला. ती रक्कम सासऱ्याच्या हाती गेली. पुढे भावाने, ‘तुझे तुला पोचले’ म्हणत बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले. तिच्या नावे काय उरले?

१९६१ च्या कायद्याने हुंडा देणारा व घेणारा दोघेही दोषी. घेतलेला हुंडा विवाहानंतर तीन महिन्यांत वधूच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत हिंदू कन्येचा हक्क पुत्राइतकाच आहे.

तेव्हा वर्गात प्रथम हे विचारावे : सातबाऱ्यावर नाव कोणाचे?