कमिशन दिसतं, वसुली दिसत नाही



फौजेत असताना गाडी गेटबाहेर निघाली की तिच्या लॉगबुकात नोंद व्हायची. किती किलोमीटर, किती तेल आणि कशासाठी. निवृत्तीनंतर मी इंदूरला स्थायिक झालो आणि कारखान्यांसाठी एसओपी आणि मशीनच्या देखभालीची मॅन्युअल्स इंग्रजीत लिहून द्यायला लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मी हीच सवय विसरलो. पैशांचा हिशेब ठेवला, तासांचा ठेवला नाही. त्यामुळे एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं: आठवड्यातले मोकळे दहा तास ऑनलाइन मार्केटप्लेसवर प्रस्ताव लिहिण्यात घालवावेत, की पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन थेट ग्राहक शोधण्यात?

मित्र म्हणायचे, "अहो कर्नलसाहेब, त्या वेबसाइटला दहा टक्के का देता? थेट गिऱ्हाईक धरा, सगळा पैसा तुमचा." वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. ते कितपत खरं आहे हे पाहायला मी २०२४च्या जानेवारीपासून वही घातली. दर पंधरा मिनिटांपुढे एक अक्षर लिहायचं. 'क' म्हणजे बिल होणारं काम, 'श' म्हणजे ग्राहकाचा शोध आणि 'व' म्हणजे वसुली, यात बिल पाठवणं, फोन करणं, चकरा मारणं सगळं आलं. बस, एवढंच. आज त्या वहीतला एका वर्षाचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो. सोयीसाठी आकडे गोल केले आहेत आणि डॉलरचे रुपये केले आहेत. दोन्हीकडे माझा दर तासाला ८०० रुपये होता.

आधी मार्केटप्लेस. मी अपवर्कवर काम करतो. तिथे २०२३पासून सरसकट १० टक्के फी होती. मे २०२५नंतरच्या नव्या करारांना ती ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान बदलती झाली, म्हणून आता करार स्वीकारण्याआधी त्यावरचा आकडा वाचायचा. शिवाय प्रस्ताव पाठवायलाही पैसे पडतात. त्याला कनेक्ट्स म्हणतात आणि एक कनेक्ट १५ सेंटला मिळतो. एका कामासाठी अनेक कनेक्ट्स लागतात, आणि काम मिळालं नाही तरी ते खर्ची पडतात.

पहिल्या सहा महिन्यांत मी ४० प्रस्ताव पाठवले आणि पाच ग्राहक मिळाले. बिलाचे तास १५०, म्हणजे १,२०,००० रुपये. फी गेली १२,०००, कनेक्ट्सवर सुमारे ६,०००, डॉलरचे रुपये होऊन बँकेत येईपर्यंत ३,०००. हातात आले ९९,०००. कामांच्या जाहिराती वाचणं, प्रस्ताव लिहिणं, कॉलवर बोलणं यात बिनपगारी ४८ तास गेले. एकूण तास १९८. भागाकार केला तर तासाला ५०० रुपये. दर ८००चा, पण खरी कमाई ५००ची. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या वेळेची किंमत मी हीच धरणार आहे. थेट ग्राहकामागे घालवलेला तास मी मार्केटप्लेसवर घालवला असता, तर मला साधारण एवढंच मिळालं असतं.

आता थेट ग्राहक, तेच सहा महिने. कारखान्यांना फोन, गेटवर रजिस्टरमध्ये सही करून तासभर बसणं, नमुना मॅन्युअल छापून नेणं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकून परत येणं. शोधात ७० तास आणि पेट्रोल-छपाईत ८,००० रुपये गेले. मिळाले दोन ग्राहक. काम झालं १०० तासांचं, बिल ८०,०००. कमिशन शून्य. पण १२,००० रुपये बुडाले आणि वसुलीत २० तास गेले. हातात आले ६०,०००, एकूण तास १९०. तासाला ३१६ रुपये.

म्हणजे ज्या रस्त्यावर टोल नाही म्हणून मी खूश होतो, तोच रस्ता महाग पडला होता. पण इथे थांबून "थेट ग्राहक नकोच" म्हणणं हीसुद्धा चूक ठरली असती. दोन वेगळे खर्च मी एकाच पोत्यात भरले होते. एक, ग्राहक मिळवण्याचा खर्च. तो एकदाच होतो. दुसरा, प्रत्येक बिलावर होणारा खर्च. तो ग्राहक असेपर्यंत चालू राहतो. हे वेगळे केल्याशिवाय तुलना होत नाही.

आधी एकदाचा खर्च. मार्केटप्लेसवर ४८ तास गुणिले ५०० म्हणजे २४,०००, अधिक कनेक्ट्सचे ६,०००. एकूण ३०,००० आणि ग्राहक पाच, म्हणजे माणशी ६,०००. थेट बाजूला ७० तासांचे ३५,००० अधिक ८,०००, एकूण ४३,००० आणि ग्राहक दोन, म्हणजे माणशी २१,५००. थेट ग्राहक मिळवणं मला १५,५०० रुपयांनी महाग पडलं.

आता बिलागणिक खर्च. मार्केटप्लेसवर फी आणि रूपांतराचे मिळून १,२०,०००वर १५,०००, म्हणजे साडेबारा टक्के. थेट ग्राहकाकडे बुडालेले १२,००० आणि वसुलीच्या २० तासांचे १०,०००, मिळून २२,०००. बिल ८०,०००. म्हणजे साडेसत्तावीस टक्के! कमिशन नाही म्हणता म्हणता मी दुपटीहून जास्त कमिशन भरत होतो. फक्त ते कोणी कापून घेत नव्हतं, म्हणून दिसत नव्हतं.

आणि हा आकडा साडेबारापेक्षा जास्त आहे तोवर थेट ग्राहक कितीही वर्षं टिकला तरी फायद्यात येणार नाही. प्रत्येक बिलागणिक तोटा वाढतच जाईल. म्हणून आणखी ग्राहक शोधण्याआधी वसुली दुरुस्त करणं भाग होतं.

मार्केटप्लेस फी घेऊन नेमकं काय देतं, हेही तेव्हा नीट कळलं. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहक आधी पैसे जमा करतो, ते मधल्या खात्यात राहतात, आणि मग आपण काम सुरू करतो. म्हणजे त्या दहा टक्क्यांत वसुली-कारकुनाचा पगार आहे. थेट कामात तो कारकून मला स्वतःच व्हायचं होतं.

पैसे कसे बुडाले तेही सांगतो. एका कारखान्याच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं, "तुम्ही सुरू करा, पीओ मागून देतो." मी सुरू केलं. बिल २८,०००चं झालं, १६,००० आले आणि तेवढ्यात त्या मॅनेजरची बदली झाली. अकाउंट्स विभाग म्हणाला, पीओ नंबर सांगा. नंबर नव्हताच. त्यांच्या दृष्टीने ते काम झालंच नव्हतं. दोष त्यांचा जेवढा, तेवढाच माझा. लेखी आदेशाशिवाय मी फौजेत कधी तुकडी हलवली नसती, इथे मात्र महिनाभर काम केलं.

जुलैपासून तीन गोष्टी केल्या. पीओ हातात आल्याशिवाय काम नाही. ४० टक्के आगाऊ, उरलेले दोन टप्प्यांत. आणि उद्यम नोंदणी, जी ऑनलाइन आणि मोफत होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांबाबत २००६चा एमएसएमईडी कायदा सांगतो की करारात काहीही लिहिलं तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदत टळलेली रक्कम खरेदीदाराला, प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मी कोणाला कायद्याची भीती घातली नाही. बिलावर फक्त उद्यम क्रमांक छापला. मार्च जवळ आला की अकाउंटंट स्वतःच फोन करतो.

एक सावधगिरी. कंपनी बिलातून टीडीएस कापते, तो तोटा म्हणून लिहू नका. तो तुमच्या नावावर जमा असतो आणि विवरणपत्रात मिळतो. मी पहिल्या तिमाहीत ही चूक केली होती.

दुसऱ्या सहामाहीत बुडवणारा कारखाना मी सोडला. राहिलेल्याने आणखी काम दिलं आणि त्याच्याच प्रॉडक्शन मॅनेजरने शेजारच्या कारखान्यात माझं नाव सांगितलं. तो ग्राहक मिळायला फक्त सहा तास लागले. दोघांचे मिळून १५० तास, बिल १,२०,०००. वसुलीला सहा तास, बुडालं काही नाही, खर्च ३,०००. हातात १,१७,०००, एकूण १६२ तास, म्हणजे तासाला ७२२ रुपये. बिलागणिक वसुली-खर्च अडीच टक्क्यांवर आला.

पण ७२२ पाहून हुरळू नका. हे पीक पहिल्या सहामाहीत पेरलेल्या ७० तासांचं आहे. पूर्ण वर्ष एकत्र केलं तर थेट बाजूला १,७७,००० रुपये आणि ३५२ तास, म्हणजे तासाला ५०३. मार्केटप्लेसचे ५००. वर्षाअखेर दोन्ही घोडे बरोबरीत!

मग पुढचा तास कुठे घालायचा? इथे एक छोटा भागाकार कामाला येतो. थेट ग्राहकामुळे बिलागणिक माझे साडेबारा वजा अडीच, म्हणजे १० टक्के वाचतात. त्याला मिळवायला १५,५०० जास्त लागतात. १५,५०० भागिले १० टक्के म्हणजे १,५५,०००. अनोळखी कारखान्याचं दार ठोठवायचं असेल, तर त्याच्याकडून एकूण दीड लाखाच्या वर काम येण्याची शक्यता हवी. म्हणून मी आता पहिल्याच फोनवर विचारतो, "मशीन किती, आणि एसओपी दर किती दिवसांनी सुधारता?" एकच मॅन्युअल हवं असेल तर मी नम्रपणे नकार देतो. तसं सुटं काम मार्केटप्लेसवर सहा हजारात मिळतं. ओळखीतून येणाऱ्या ग्राहकाला मात्र ही अट नाही, कारण तो मार्केटप्लेसपेक्षाही स्वस्त पडतो.

काहींच्या मनात तिसरी वाट येईल: मार्केटप्लेसवर ग्राहक मिळवायचा आणि पैसे बाहेरून घ्यायचे. अपवर्कच्या अटींप्रमाणे दोन वर्षं ते चालत नाही. बाहेर न्यायचंच असेल तर वेगळी फी भरावी लागते, लपवलं तर खातं बंद होऊ शकतं. फी वाचवायला पाच ग्राहकांचं दुकान पणाला लावण्यात अर्थ नाही.

आणि या हिशेबाची मर्यादाही सांगून ठेवतो. थेट बाजूचे माझे सगळे पैसे दोन कारखान्यांतून येतात. एक बंद पडला तर ७२२चे पुन्हा ३१६ व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून दहा मोकळ्या तासांपैकी चार मी अजूनही मार्केटप्लेसला देतो. उरलेले सहा जुन्या ग्राहकांना भेटण्यात आणि त्यांनी सांगितलेली दारं ठोठावण्यात जातात.

तुमचे आकडे माझ्यासारखे नसतील. भाषांतर, डिझाइन, शिकवणी, प्रत्येक धंद्याचा शोध-खर्च वेगळा. माझा निकाल उचलू नका, वही उचला. क, श आणि व. सहा महिने नोंद ठेवा, मग भागाकार करा.