गुठळी विरघळते कशी आणि ‘डी-डायमर’ सांगतो काय
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



रक्ताच्या गुठळीवर बोलावे असा आपल्या मंडळाचा निरोप आला, तेव्हा त्याचे कारण विचारण्याची मला गरज पडली नाही. २०२० साली करोनाची साथ आली आणि ‘डी-डायमर’ हा शब्द घरोघर शिरला. मी रक्ततपासणीच्या कामात आहे. कागदावर हा आकडा ठळक छापलेला दिसला की घरची माणसे हबकतात, आणि बेताचा दिसला की निर्धास्त होतात, हे मी नेहमी पाहते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरू शकतात. त्या कशा, हे समजण्यासाठी आधी गुठळी विरते कशी, ते पाहू.

आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या स्थितीत वाहत असते. बोट कापले की थ्रॉम्बिन नावाचे द्रव्य तयार होते. ते या प्रथिनाचे लहानसे तुकडे छाटते आणि उरलेल्या कणांचे धागे बनतात. हेच फायब्रिन. पण नुसते धागे एकमेकांवर पडले तर ते सहज सुटतील. म्हणून रक्तातला ‘तेरावा घटक’ त्यांना जागोजागी पक्क्या गाठी मारतो. या गाठी पडतात कोठे, तेवढे ध्यानात ठेवावे. फायब्रिनच्या प्रत्येक कणाच्या दोन्ही टोकांच्या भागांना ‘डी’ असे नाव आहे. शेजारच्या दोन कणांची ‘डी’ टोके एकमेकांना बांधली जातात.

जखम भरत आली की हे विणकाम उसवावे लागते, नाही तर रक्ताची वाट अडून राहील. त्यासाठी यकृतात तयार झालेले प्लास्मिनोजेन रक्तात आधीपासून असते. त्याला मिटलेली कात्री समजा. ती फायब्रिनच्या जाळ्यात अडकून बसते. रक्तवाहिनीच्या अस्तरातून टी.पी.ए. नावाचे द्रव्य पाझरते आणि तेही त्याच जाळ्यावर येऊन बसते. तेथे दोघांची भेट झाली की कात्री उघडते. या उघड्या कात्रीचे नाव प्लास्मिन. ती मोकळ्या रक्तात भटकली तर नको ते कापील, म्हणून अँटिप्लास्मिन नावाचा पहारेकरी तिला तत्काळ निकामी करतो. जाळ्यावर बसून काम करीत असताना मात्र त्याचा हात तिच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. यामुळे कापणे गुठळीपुरतेच राहते.

याचा एक दाखला आपणा बायकांच्या नित्य अनुभवातला आहे. पाळीचे रक्त सहसा गोठलेले नसते, कारण गर्भाशयातच प्लास्मिन ते विरघळवते. स्राव फार झाला की कात्री पुरी पडत नाही आणि गाठी पडतात. उलट काही जणींत कात्री गरजेपेक्षा जास्त चालते आणि रक्त थांबत नाही. अशा अंगावर जाण्याच्या तक्रारीवर डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या देतात. त्या प्लास्मिनोजेनला जाळ्यावर बसूच देत नाहीत. हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो या बाईंनी आपल्या पतीसह शोधले आणि १९६२ साली प्रसिद्ध केले.

आता डी-डायमर. प्लास्मिन धागा कापते, पण दोन ‘डी’ टोकांमधली ती पक्की गाठ तिला कापता येत नाही. लोकरीचा जुना स्वेटर कात्रीने बारीक कापला तर गाठीचे तुकडे जसेच्या तसे उरतील, तसेच हे. जोडलेल्या दोन ‘डीं’चा जो तुकडा रक्तात उरतो, तोच डी-डायमर. म्हणजे हा आकडा गुठळीचा नव्हे, ती उसवली जात असताना पडलेल्या केराचा आहे. हा केर रक्तातून निम्मा व्हायला साधारण आठ तास लागतात.

यातून तपासणीचा अर्थ आपोआप निघतो. केर जवळजवळ नसेल, तर शरीरात नवी मोठी गुठळी असण्याचा संभव फार कमी. पण केर दिसला, तर तो कोठून आला हे तो सांगत नाही. गरोदरपणी, बाळंतपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर, मार लागल्यावर, न्यूमोनियात, कर्करोगात तो वाढतो, आणि नुसत्या वयानेही वाढतो. म्हणून ही तपासणी ‘गुठळी नाही’ हे सांगण्यात पक्की आहे, आणि ‘गुठळी आहे’ हे सांगण्यात कच्ची.

एक उदाहरण घेऊ. अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आहेत. धान्याचा डबा हलवल्यावर श्वास घेताना बरगडीत दुखू लागले. फुप्फुसात गुठळी गेली असेल का, ही शंका. डॉक्टरांनी पाहिले तर नाडी ठीक, पाय सुजलेले नाहीत, अलीकडे अंथरुणाला खिळणे किंवा शस्त्रक्रिया नाही, पूर्वी कधी गुठळी झालेली नाही. शंका थोडीच. डी-डायमर आला ६२०, आणि कागदावर मर्यादा छापलेली ५००. घरात घबराट! पण पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या दसपट धरावी, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने दाखवले. अडुसष्ट गुणिले दहा म्हणजे ६८०. आजींचा आकडा त्याच्या आत आहे. त्यांना स्कॅनची गरज नाही.

हा हिशेब करताना एक खबरदारी घ्यावी. काही प्रयोगशाळा एफ.ई.यू. या मापात आकडा देतात, तर काही डी.डी.यू. या मापात. दुसऱ्या मापातला आकडा साधारण निम्मा असतो. दसपटीचा नियम पहिल्या मापाचा आहे. म्हणून माप न पाहता शेजारणीच्या रिपोर्टाशी आपला ताडून पाहू नये.

आता दुसरी बाई घ्या. वय पंचेचाळीस, पाय मोडल्याने तीन आठवडे प्लास्टर. त्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने जाड, आणि आतल्या शिरेच्या रेषेवर दाबले की दुखते. डी-डायमर आला ४२०. हिने सुटलो म्हणून घरी बसावे काय? मुळीच नाही. हिची लक्षणेच इतकी बोलकी आहेत की तिची सरळ डॉपलर सोनोग्राफी व्हायला हवी. एवढ्या दाट शंकेत बेताच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. दुखणे जुने झाले असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध आधीच चालू असेल, तर केर ओसरलेला असतो आणि गुठळी मात्र जागीच असते. म्हणून आधी लक्षणे, मग आकडा, असा क्रम आहे. डॉक्टरांना न विचारता ही तपासणी स्वतःच करून घेऊन स्वतःच वाचू नये, असे मी म्हणते ते याचसाठी.

शेवटी औषधांविषयी. हेपॅरिनची इंजेक्शने आणि त्या जातीच्या गोळ्या गुठळी विरघळवीत नाहीत. त्या नवे धागे पडू देत नाहीत. जुने जाळे उसवण्याचे काम आपलेच प्लास्मिन आठवडेच्या आठवडे करीत राहते. सूज उतरली म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर एकीकडून उसवणे आणि दुसरीकडून पुन्हा विणणे सुरू होते. किती महिने घ्यायच्या, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. एकाच पायाला अचानक सूज आली, किंवा एकाएकी दम लागून छातीत दुखू लागले, तर प्रयोगशाळेची वाट न धरता थेट इस्पितळ गाठावे.